काम बंदचा हुकूम, आठ दिवस उशिरा

मध्यभारत राज्य संपलं आणि नवा मध्य प्रदेश झाला, त्या हिवाळ्यात मी उज्जैनला बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. लग्नाला दोन वर्षं झाली होती. माझे वडील आणि आजोबा दोघेही ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत होते. त्यामुळे राज्य बदलतं, कागदावरचा शिक्का बदलतो आणि आपण मात्र त्याच टेबलाशी बसून राहतो, हे आमच्या घरात कुणाला नवीन नव्हतं.

माझ्या ताब्यात तेव्हा एकच मोठं काम होतं. नानाखेड्याकडे जाणाऱ्या वाटेवर, जिथे तेव्हा हरभऱ्याची शेतं होती, तिथे सरकारी कर्मचाऱ्यांसाठी क्वार्टरं बांधायची होती. एक मोठी कचेरी उज्जैनला येणार, तिच्या लोकांना राहायला घरं लागणार, असा तो हिशेब. दगडकामाचा ठेका एका माळवी ठेकेदाराकडे होता. पन्नाशी ओलांडलेला, आवाज मोठा, डोक्याला कायम पांढरा साफा. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पाया बघून सांगायचा की कोपरा काटकोनात नाही, आणि मी गुण्या लावला की खरंच नसायचा. दारं-खिडक्यांचं काम एका मराठी माणसाकडे होतं. गोपाळ मंदिराच्या मागच्या गल्लीत त्यांचा लाकडाचा कारखाना. आमच्या वडिलांचे ते जुने स्नेही. मी त्यांना काका म्हणायचो आणि ते मला नावाने, अरे-तुरे करून हाक मारायचे.

दिवाळी होऊन काही दिवस झाले होते. पाये भरून झाले होते, अर्ध्या घरांची जोती वर आली होती. एका सकाळी एक्झिक्युटिव्ह इंजिनियर साहेबांनी मला खोलीत बोलावलं. साहेब मूळचे ग्वाल्हेरचे, बोलणं मराठीतच. त्यांची भोपाळला बदली ठरली होती. खोलीत पेट्या भरून ठेवलेल्या, भिंतीवरचा नकाशा गुंडाळलेला.

"ती कचेरी आता इथे येत नाही," ते म्हणाले. "भोपाळलाच राहणार. क्वार्टरांचं काम रद्द."

मी विचारलं, "मग आजच काम थांबवू?"

"अजिबात नाही. तपशिलाचं पत्र यायचंय. ते येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. ठेकेदारांना वास लागला की वकील गाठतील, भोपाळला तारा करतील. समजलं?"

मी समजलं म्हणालो. त्या एका शब्दाचा त्रास मला पुढे बरीच वर्षं झाला.

संध्याकाळी मी साईटवर गेलो. टॉवर चौकातल्या चहाच्या दुकानात कुणीतरी बोललं असावं, कारण दगडाचे ठेकेदार माझी वाटच बघत उभे होते. त्यांनी सरळ विचारलं, "ओसियर साहब, सुना है कचेरी नहीं आ रही. काम रुकेगा क्या? साफ बता दो. झाबुआ आदमी भेजना है, मजूर लाने. रुकना हो तो नहीं भेजूँ."

मी खाली बघत म्हणालो, "नहीं तो. काम तो चालू है."

शब्दशः पाहिलं तर खोटं नव्हतं. काम चालूच होतं. त्यांनी मान हलवली, मुकादमाला हाक मारली आणि माझ्यासमोरच त्याला दुसऱ्या दिवशीच्या बसने जायला सांगितलं.

पुढचे आठ दिवस मी रोज साईटवर जात होतो. रोज दगड येत होता. कंकराचा चुना भिजवला जात होता, चुना मळायच्या घाण्याला बैल फिरत होता. एकदा भिजवलेला तो चुना ठेवून चालत नाही, लगेच भिंतीत जावा लागतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी भिंतीला ओळंबा लावून बघायचो, "ठीक है" म्हणायचो आणि सायकलवर बसून परत यायचो. त्या दिवसांत मला घरी जेवण जात नव्हतं. बायकोने दोनदा विचारलं, मी पोट बिघडलंय म्हणालो.

आठव्या दिवशी पत्र आलं. साहेब म्हणाले, "दोघांना रजिस्टर पोस्टाने पाठवून द्या. आपली जबाबदारी संपली."

मी म्हणालो, "मी स्वतः जाऊन देतो. पोस्टाने मिळण्याआधी माझ्या तोंडून कळलेलं बरं."

साहेबांनी चष्मा काढला. "जा. पण पत्रात आहे तेवढंच बोला. वाईट वाटतं, चूक झाली, असलं काही नको. उद्या तेच तुमच्या विरुद्ध वापरतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास मी साईटवर पोचलो, तर चुन्याच्या घाण्याजवळ माणसंच माणसं. झाबुआकडची भिल्ल कुटुंबं नुकतीच येऊन उतरली होती. पंधरा घरं असतील. बायका गाठोडी सोडत होत्या, कुणी तीन दगड मांडून चूल पेटवत होतं, मुलं जोत्यावरून पळत होती. ठेकेदार मुकादमाला झोपड्यांची जागा दाखवत होते. मला बघून त्यांना आनंद झाला. "देखो साहब, अब काम की रफ्तार देखना!"

मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं. कचेरी येत नाही. काम रद्द झालंय. आजपासून बंद.

त्यांनी मुकादमाला हाताने थांबवलं. मग विचारलं, "कब से मालूम था?"

"पत्र काल आलंय," मी मराठीतच बोलून गेलो, मग हिंदीत सांगितलं.

"पत्तर नहीं पूछा. कब से मालूम था? कागज पे ऊपर लिखा होता है. पढ़ो."

इतकी वर्षं सरकारी कामं केलेला माणूस. अक्षर येत नसलं, तरी पत्राच्या डोक्यावर आधीच्या हुकमाचा हवाला असतो हे त्यांना माहीत होतं. मी तो वाचला. तारीख आठ दिवसांपूर्वीची होती.

त्यानंतर ते जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या आईवर आले, दरबारच्या नोकरीवर आले, "तुम मराठे लोग पहले राजा का खाते थे, अब भोपाल का खाओगे" असंही म्हणाले. गवंडी काम सोडून जमले. मी पुढचं सांगायचा प्रयत्न केला. झालेल्या कामाचं मोजमाप होईल, तुम्ही हजर राहा, अनामत परत मिळेल. पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मी घाबरून पत्रातली इंग्रजी वाक्यं वाचत सुटलो होतो, हे मला नंतर कळलं. शेवटी मी म्हणालो, "मुझे बहुत अफसोस है."

ते ओरडले, "तेरे अफसोस से इनका चूल्हा जलेगा?" आणि चुलीकडे हात केला.

मागून ओल्या चुन्याचा गोळा आला आणि माझ्या खांद्यावर फुटला. कुणी फेकला ते मी पाहिलं नाही. पत्र जमिनीवर पडलं होतं. मी ते उचलून एका दगडाखाली ठेवलं आणि सायकल घेऊन निघालो.

तसाच चुन्याचा सदरा घालून मी काकांच्या कारखान्यात गेलो. ते चौकटीला रंधा मारत होते. सागवानाच्या चौकटी भिंतीला ओळीने लावून ठेवलेल्या. नकाशात दाराचं माप नेहमीपेक्षा थोडं अरुंद होतं, त्याबरहुकूम सगळं लाकूड कापून झालेलं. मी सांगितलं. इथे मात्र सगळं सांगितलं, आठ दिवसांचंही.

काकांनी रंधा खाली ठेवला. हात पुसले. "मंगळवारी तू इथे चहा प्यायला होतास," ते म्हणाले. "त्याच दिवशी मी शेवटचे दोन ओंडके चिरायला काढले. तुझ्यासमोर."

"हो काका."

"बोलला नाहीस."

"साहेबांनी सांगितलं होतं..."

"ठीक आहे." मग त्यांनी पत्र घेतलं, पोच म्हणून सही केली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आपण यावं आता, ओव्हरसियरसाहेब. आम्हाला काम आहे."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला 'आपण' म्हटलं. साईटवरच्या शिव्या मी विसरू शकलो असतो. हे जमलं नाही.

घरी आल्यावर बायकोने सदरा बघितला आणि मी सगळं सांगितलं. ती लग्नाआधी मुलींच्या शाळेत शिकवत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आता त्यांनी नेमकं काय करायचं?"

मी सांगू लागलो. कराराचं कलम, मोजमाप, अंतिम बिल. तिने मधेच थांबवलं. "मला कळलं नाही. मला कळलं नाही तर त्यांना काय कळणार? पत्र इंग्रजीत, आणि तुम्ही जाऊन अफसोस सांगून आलात. उद्या सकाळी उठून त्यांनी कुठे जायचं, काय हातात घ्यायचं, ते सांगितलंत का?"

मला राग आला. दिवसभर सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर घरात तरी दोन मऊ शब्द मिळतील असं वाटलं होतं. आम्ही भांडलो. भांडून झाल्यावर मी कागद घेऊन बसलो आणि ती समोर बसली. मोठ्या अक्षरात, साध्या हिंदीत लिहिलं. आजपासून नवं काम करू नका, केलं तर ते मोजलं जाणार नाही. अमुक दिवशी सकाळी मोजमाप सुरू होईल, तुम्ही स्वतः या. आला नाहीत तरी मोजमाप होईल आणि तेच धरलं जाईल, म्हणून याच. साईटवर आणून टाकलेल्या दगडाची, चुन्याची, लाकडाची वेगळी यादी होईल, काही उचलून नेऊ नका. माप पटलं नाही तर 'हरकत राखून' असं लिहून सही करा, सही नाकारू नका. तक्रार कुणाकडे, किती दिवसांत करायची. आणि शेवटी, पुढच्या कामातून जो नफा झाला असता तो करारानुसार मिळणार नाही.

"ते शेवटचं लिहू का?" मी विचारलं.

"खरं आहे ना? मग लिहा. नाहीतर त्याच्याच आशेवर बसतील."

मजुरांचं काय करायचं, हे आमच्या कुठल्याच कलमात नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आगर रस्त्याच्या कामावरच्या ओव्हरसियरला गाठलं. तिथे गिट्टी फोडायला माणसं हवी होती. तो म्हणाला, दहा कुटुंबं घेतो, जास्त नाही.

तिथून साईटवर गेलो. दगडाच्या ठेकेदारांनी मला दोन तास उभं ठेवलं. मी समोर असताना मुनीमाशी बोलत राहिले, जेवले, हात धुतले. मी जोत्यावर बसलो नाही, कारण बसलो असतो तर उठवलं असतं. शेवटी म्हणाले, "बोल."

मी आधी मजुरांचं सांगितलं. दहा कुटुंबांना आगर रस्त्यावर आजच काम आहे, गाडी दुपारी येईल. पाचांचं मला जमलेलं नाही. मग कागद वाचून दाखवला, एकेक ओळ, थांबून थांबून. नफ्याच्या ओळीपाशी त्यांनी हात वर केला.

"ये 'नहीं मिलेगा' किसने लिखवाया? साहब ने?"

"किसीने नहीं. मैंने लिखा."

त्यांनी कागद माझ्या हातातून ओढला, मुनीमाला दिला आणि पुन्हा वाचायला लावला. मी काही वेगळं तर वाचलं नाही ना, याची खात्री करत होते. मग म्हणाले, "नाप में आऊँगा. पर तेरे फीते पे भरोसा नहीं. मेरा फीता चलेगा."

मोजमाप तीन दिवस चाललं. फीत त्यांची, एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. प्रत्येक भिंतीला वाद. पायाची खोली बघायला त्यांनी कडेची माती पुन्हा उकरायला लावली, आणि एका ठिकाणी खरंच माझ्या जुन्या नोंदीपेक्षा खोल निघाली. मी नोंद दुरुस्त केली आणि शेजारी सही केली. ते म्हणाले, "एक पकड़ी. और कितनी होंगी." त्या तीन दिवसांत माझ्याशी ते कामाखेरीज एक शब्द बोलले नाहीत. पाणीसुद्धा सगळ्यांना दिलं, मला नाही. पाच कुटुंबं तिथेच राहिली होती. ठेकेदारांनी त्यांना पदरचं खायला घातलं आणि मग झाबुआच्या बसमध्ये बसवून दिलं. एक म्हातारी गाठोडं डोक्यावर घेऊन माझ्या शेजारून गेली. मी कोण ते तिला माहीत नव्हतं, तिने मला रामराम केला.

कटकट उठली ती आमच्या कचेरीत. मोजमाप पुस्तक बघून साहेब म्हणाले, "हुकमाच्या तारखेनंतरचं काम यात कसं आलं? आठ दिवसांचं काढून टाका."

"त्यांना हुकूम आठ दिवसांनी कळला, साहेब. तोपर्यंत काम आपल्या देखरेखीखाली झालं. मी रोज हजर होतो."

"तुम्ही हजर होतात हे कागदावर कुठे आहे?"

तोवर नव्हतं. मी जागेवर गेलो आणि एक टिपण लिहिलं. हुकूम अमुक दिवशी कचेरीत आला, मला त्याच दिवशी तोंडी समजला, ठेकेदारांना आठ दिवसांनी कळवला, मधल्या काळात काम माझ्या समक्ष झालं आणि ठेकेदाराने विचारलं असता मी काम चालू असल्याचं सांगितलं. खाली सही केली. साहेबांनी मला असं सांगितलं होतं, हे लिहायचं धैर्य मात्र झालं नाही. 'तोंडी समजला' एवढ्यावर थांबलो.

साहेबांनी ते वाचून माझ्याकडे फेकलं. "स्वतःच्या हाताने गळ्यात धोंडा बांधून घेताय. हे आवक रजिस्टरात चढवू नका."

"चढवलंय, साहेब."

ते उभे राहिले. त्यांनी मला मूर्ख म्हटलं, नमकहराम म्हटलं, कारकुनांना ऐकू जाईल अशा आवाजात. आठवड्याच्या आत मला खुलासा मागणारा मेमो मिळाला आणि पाठोपाठ बदलीचा हुकूम. गाव असं की उज्जैनहून पोचायला दोन दिवस लागावेत.

निघण्याआधी मी काकांकडे गेलो. जिल्ह्यात एका दवाखान्याचं काम निघालं होतं. तिथल्या ओव्हरसियरला चौकटींची मापं दाखवली होती आणि तो अर्ध्या घ्यायला तयार होता. मी त्याची चिठ्ठी काकांना दिली. त्यांनी वाचली. "बाकी अर्ध्या?"

"त्यांना घेणारं कुणी मिळालं नाही."

"बरं. आपला आभारी आहे." एवढंच. काकूंनी आतून चहा पाठवला नाही. त्यांनी पुढे मुलाच्या लग्नाचं आमंत्रण वडिलांना दिलं, आमच्या नावाने वेगळी पत्रिका आली नाही. वडील गेले लग्नाला. आम्ही नाही गेलो.

दगडाचे ठेकेदार मला शेवटचे भेटले ते स्टेशनावर. आम्ही सामान घेऊन गाडीची वाट बघत होतो. ते कुणाला तरी पोचवायला आले होते. मला बघून सरळ चालत आले. बायको माझ्या जवळ सरकली.

ते म्हणाले, "भोपाल में अर्जी लगाई है. तेरे खिलाफ. तूने जो कागज लिखा था, उसकी नकल निकलवाई, वही जोड़ी है. लिखवाया है कि ओसियर खुद मानता है, उसने झूठ बोला."

मी म्हणालो, "लिखना ही चाहिए था."

"बुरा मानना हो तो मान."

"नहीं मानता."

"मैं तो मानता हूँ," ते म्हणाले. "उन पाँच घरों का मानता हूँ. मेरे मुँह से बुलाए थे. मैंने तेरे मुँह से पूछकर बुलाए थे." आणि वळून चालू पडले. गर्दीत त्यांचा साफा बराच वेळ दिसत होता.

त्यांच्या अर्जाचा निकाल लागायला वर्ष-दीड वर्ष गेलं. आठ दिवसांचं काम मान्य झालं, दोघांचंही. माझ्याच टिपणाच्या आधारावर झालं, असं उज्जैनच्या एका कारकुनाने मला पत्रात कळवलं. त्याच टिपणाच्या आधारावर माझी पुढची बढती तीन वर्षं अडली, हे मला पत्राने कळवावं लागलं नाही.

पुढे नोकरीत कामं रद्द झाल्याचं सांगायची वेळ आणखी कितीदा तरी आली. धरणाचा कालवा, एक पूल, शाळेची इमारत. प्रत्येक वेळी हुकूम हातात पडला की त्याच दिवशी मी साईटवर गेलो, आणि त्यांच्या भाषेत लिहिलेला कागद सोबत नेला. शिव्या प्रत्येक वेळी मिळाल्या. एकदा एकाने माझ्या जीपचा टायर फोडला. बातमी वेळेवर सांगितली म्हणून ती गोड लागत नाही. पण 'कब से मालूम था' असं विचारल्यावर मला 'आज सकाळपासून' म्हणता यायचं, आणि त्यापुढे सांगायचं ते मी खाली न बघता सांगू शकायचो.